आभारपत्रावरची तारीख

मंडळाच्या कार्यालयात लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात एक फुगलेली फाइल आहे. रक्तदान शिबिर झाल्यावर रक्तदात्यांचे आणि राबणाऱ्यांचे आभार मानण्यासाठी आपण आजवर जे जे लिहिले, ते सगळे कुणीतरी तिच्यात लावून ठेवले आहे. पहिल्या फ्लेक्सचा फोटो, छापील प्रमाणपत्रांचे उरलेले गठ्ठे, हाताने लिहिलेल्या पत्रांच्या झेरॉक्स आणि अलीकडच्या वर्षांत मोबाइलवरून पाठवलेल्या संदेशांच्या छापील प्रती. स्मरणिकेसाठी शिबिरांचा इतिहास लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी आधी इतिवृत्ताची वही काढली. तिच्यात दर वर्षी एकच वाक्य आहे, ‘शिबिर उत्साहात पार पडले.’ मग फाइल काढली आणि वाचत बसलो. आपण काय चुकलो, काय शिकलो आणि आज शिबिर जसे घेतो तसे का घेतो, हे त्या आभारांच्या मजकुरात सापडले. म्हणून हा इतिहास त्या कागदांच्याच आधाराने लिहितो आहे.

आपले मंडळ भीमेच्या दोन्ही काठांचे. अलीकडे शिरूर तालुक्यातले न्हावरा, मांडवगण फराटा. पलीकडे दौंड तालुक्यातले पारगाव, केडगाव, चौफुला. शिरूरचे लोक पुण्याला जायचे तर नगर रस्ता धरतात, दौंडचे लोक रेल्वे किंवा सोलापूर रस्ता. पण सोयरीक, ऊस आणि बाजार यांच्यामुळे न्हावरा ते केडगाव हा मधला रस्ता सदा वाहता असतो. त्या रस्त्यावरची पोरे गणपतीत एकत्र आली आणि त्यातून मंडळ उभे राहिले. सुरुवातीला गणेशोत्सव आणि शिवजयंती एवढेच काम होते. रक्तदानाचा विषय आला तो एका बाळंतपणामुळे.

आमच्या वाडीतली एक वहिनी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. तिला पुण्याला हलवले. शिरूरपासून पुणे सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्या रात्रीच्या वाटेचा हिशेब तिच्या नवऱ्याला आजही मिनिटामिनिटाने पाठ आहे. रक्त मिळाले, ती वाचली. सकाळी आम्ही सहा जण दवाखान्यात पोचलो, तेव्हा कुणीतरी म्हणाले, ‘आता तेवढ्या पिशव्या परत भरायच्या.’ आम्ही बाह्या वर केल्या. सहांपैकी चौघांचे रक्त घेतले आणि दोघांना परत पाठवले. परतीच्या गाडीत विषय एकच होता. तिला दिलेले रक्त आदल्या आठवड्यात कुणीतरी अनोळखी माणसाने दिलेले होते. तो माणूस कोण, हे आम्हाला कधीच कळणार नव्हते आणि त्याचे आभार मानायची सोयही नव्हती.

जुन्या पिढीला एक गोष्ट ठाऊक आहे, ती तरुणांसाठी इथे सांगतो. पैसे घेऊन रक्त विकणारे लोक आपल्या देशात होते आणि रक्ताची बरीच गरज त्यांच्यावर भागत होती. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ खटल्याचा निकाल दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणाऱ्यांकडून रक्त घेणे बंद झाले. तेव्हापासून ही सगळी व्यवस्था नातेवाइकांच्या बदली रक्तावर आणि शिबिरांवर उभी आहे. नातेवाईक ऐन संकटात धावपळ करून रक्तदाता आणतो, तेव्हा त्या रक्तदात्याला नाही म्हणायला जागा नसते. शिबिरात ती जागा असायला हवी. हे शेवटचे वाक्य मात्र समजायला आम्हाला काही वर्षे लागली.

फाइलमधला पहिला कागद म्हणजे चौकात लावलेल्या फ्लेक्सचा फोटो. वर शिवरायांची प्रतिमा, खाली पदाधिकाऱ्यांचे चेहरे आणि मध्ये मोठ्या अक्षरांत रक्तदात्यांची नावे. शिबिर १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी घेतले होते. ध्वनिक्षेपकावरून एकेकाचे नाव पुकारून बोलावत होतो. रक्त देणाऱ्याला भेटवस्तू होती आणि न देणाऱ्याची पोरे थट्टा करत होती. ‘काय रे, सुईला भ्यालास का?’ हे वाक्य मी स्वतः म्हटलेले आहे.

शिबिर आटोपल्यावर रक्तपेढीच्या समाजसेविका ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘भाऊ, नावे पुकारू नका आणि भेटवस्तू ठेवू नका.’ मला वाटले, नियमाचे काहीतरी असेल. त्यांनी नीट समजावले. घेतलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि हिवताप यांच्यासाठी तपासणी होते. पण संसर्ग होऊन थोडेच दिवस झाले असतील तर तो तपासणीत सापडेलच असे नाही. त्या मधल्या दिवसांत रुग्णाला वाचवणारी गोष्ट एकच, रक्तदात्याने फॉर्मवर दिलेले खरे उत्तर. भेटवस्तूच्या ओढीने किंवा मित्रांच्या भीतीने एखाद्याने ते उत्तर लपवले, तर पुढचा धोका रक्त घेणाऱ्या अनोळखी माणसाच्या वाट्याला जातो. ज्याला मनातून ठाऊक आहे की आज आपण रक्त देऊ नये, त्याला कुणाला काही न सांगता मांडवातून निघून जाता आले पाहिजे. चौकात नावे लावली की जे नाव नाही तेही लोक वाचतात.

पुढच्या वर्षीपासून फ्लेक्सवरची नावे गेली आणि भेटवस्तूही गेली. त्या वर्षी गर्दी कमी झाली आणि मंडळात त्यावरून बरीच तणातणी झाली. त्या वर्षीचे आभारपत्र अर्ध्या पानाचे, हाताने लिहिलेले आहे आणि ते प्रत्येकाच्या घरी बंद पाकिटातून गेले. आता शिबिरात रक्तदात्याला मिळतो तो चहा, केळे, बिस्किटे आणि केडगावकडच्या गुऱ्हाळावरून आणलेल्या गुळाचा शेंगदाणा लाडू. घरी न्यायला काही नाही.

यानंतरची दोन-तीन वर्षे आम्ही गर्दी कुठे मिळेल या शोधात होतो. कुणीतरी सुचवले, रांजणगावच्या गणपतीला चतुर्थीला लोटच्या लोट लोक येतात, त्या वाटेवर शिबिर घेऊ. दिवस ठरला, मांडव पडला, सकाळपासून लोक येऊ लागले. फॉर्मवरच्या प्रश्नांत डॉक्टरांनी विचारले, ‘सकाळपासून काय खाल्ले?’ उत्तर जवळजवळ प्रत्येकाचे तेच, ‘उपास आहे.’ उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. भाविक लोक, देवाच्या दिवशी पुण्य करायला आलेले, आणि आम्ही त्यांना हात जोडून परत पाठवत होतो. त्या वर्षीचे आभारपत्र म्हणजे खरे तर माफीचे पत्र आहे. तेव्हापासून तारीख धरण्याआधी आम्ही पंचांग उघडतो. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे दिवस आधी खोडतो. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन असला तरी तो नवरात्रात आला तर आपल्याकडे शिबिर होत नाही.

वेळेचा धडा दुसऱ्याच बाजूने आला. आमचे शिबिर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ असायचे. पोचवायला गाडी एकच, ती संध्याकाळी निघायची. एका वर्षी रक्तपेढीच्या तंत्रज्ञांनी सकाळच्या पिशव्यांवरची वेळ दाखवली. पहिली पिशवी सव्वानऊला घेतलेली. एका पिशवीतल्या रक्तातून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करता येतात, पण त्यासाठी रक्त घेतल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत ते यंत्रावर चढावे लागते. सव्वानऊच्या पिशवीचे आठ तास सव्वापाचला संपतात. गाडी पाचला निघणार, नगर रस्त्यावरची वाहतूक धरून साडेसातला पुण्यात पोचणार. म्हणजे सकाळच्या पहिल्या दोन-अडीच तासांत जे सगळ्यात उत्साहाने आले, त्यांच्या पिशव्यांमधून निघायचे ते सगळे निघत नव्हते. लाल पेशी कामी येत होत्या. प्लाझ्मा आणि प्लेटलेटची संधी जात होती.

हे कळल्यावर शिबिराची वेळ ८ ते १ केली. दीडला गाडी निघते. आठची पिशवीसुद्धा चारच्या सुमाराला, आठ तासांच्या आत, पुण्यात पोचते. वेळ कमी झाली म्हणून खाटा वाढवल्या. सुई टोचल्यापासून पिशवी भरेपर्यंत पाच ते दहा मिनिटे जातात, पण खाटेवर घेणे, शीर शोधणे, नंतर पडून राहणे धरले तर एका खाटेवर एका माणसाला वीसेक मिनिटे लागतात. म्हणजे तासाला तीन जण. सहा खाटा आणि पाच तास असतील तर नव्वद जणांचे गणित बसते. त्याहून जास्त लोकांना एकाच दिवशी बोलावले की रांग तुंबते, लोक उन्हात उभे राहतात, आणि मग चक्कर येते. गर्दी म्हणजे यश, हे मंडळातल्या अनेकांच्या डोक्यातून निघायला हे साधे गणित उपयोगी पडले.

चक्करेबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण आपल्या शिबिरांत ज्यांचे आभार सगळ्यात उशिरा मानले गेले, ते लोक त्या कामावर असतात. चहाच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसलेले आपले चार-पाच कार्यकर्ते. त्यांचे काम फक्त बघणे. पहिल्यांदाच रक्त देणारा अठरा-वीस वर्षांचा पोरगा खाटेवरून उठून चहाला येतो, गप्पा मारत असतो आणि मधेच गप्प होतो. एक-दोन जांभया देतो. वरच्या ओठावर घाम येतो, चेहरा उतरतो. त्या क्षणी त्याला ‘काय होतंय?’ विचारत बसायचे नाही. आहे तिथे आडवा करायचा, पाय वर धरायचे, गर्दी हटवायची, डॉक्टरांना हाक मारायची. बहुतेकदा काही मिनिटांत रंग परत येतो. तो पोरगा खुर्चीवरून फरशीवर पडला आणि डोके आपटले, तर पुढच्या वर्षी त्याच्या घरातून कुणी येत नाही. एका वर्षी पाहत बसलेला एकही माणूस नव्हता, सगळे फोटोत होते, आणि नेमका तेव्हाच एक जण पडला. हनुवटीला टाके पडले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला, पण बोलली नाही.

रात्रपाळी करून आलेल्यांनाही आता आम्ही फॉर्म देण्याआधीच विचारतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतली पोरे पाळी सुटल्यावर थेट मांडवात यायची. झोप झालेली नसेल तर रक्त घेत नाहीत. लांब पल्ल्याची गाडी चालवणाऱ्याने रक्त दिल्यावर पुढचे चोवीस तास चाकावर बसू नये, असा दंडक आहे. आपल्या भागात दोन मोठे रस्ते आणि दौंडसारखे रेल्वे जंक्शन असल्यामुळे चालक मंडळी खूप. त्यांना सांगतो, ‘दादा, सुटीच्या आदल्या दिवशी या.’ येतात.

आता परत पाठवलेल्यांविषयी. फाइलमधली पहिली अनेक वर्षे आभार आहेत ते फक्त रक्त दिलेल्यांचे. जे आले, फॉर्म भरला, रांगेत उभे राहिले आणि ज्यांना डॉक्टरांनी नाही म्हटले, त्यांच्यासाठी एक ओळही नाही. यात सगळ्यात जास्त बाया होत्या. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते, आणि वजन किमान ४५ किलो. शिबिरात हिमोग्लोबिन बघायची जुनी रीत फार साधी आहे. मोरचुदाचे निळे पाणी एका ठरावीक घनतेचे करून पेल्यात ठेवतात. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब वरून सोडतात. थेंब सरळ बुडाला तर रक्त पुरेसे जड आहे, म्हणजे हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे. थेंब घुटमळला, मध्येच थांबून वर आला, तर कमी. आता छोटी यंत्रेही आली आहेत, आकडा पडद्यावर दिसतो. पण तो निळा पेला ज्याने पाहिला त्याला विसरत नाही. तरंगलेल्या थेंबाकडे बघणाऱ्या बाईचा चेहराही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या मांडवात आलेल्या दोघींपैकी एकीला परत जावे लागले तर त्यात आश्चर्य काही नाही. आश्चर्य याचे वाटते की आम्ही इतकी वर्षे त्यांना नुसते ‘तुमचं चालणार नाही’ सांगून पाठवत होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचे हिमोग्लोबिन बघितले होते, आणि तो आकडा आम्ही कचऱ्यात टाकत होतो.

ही गोष्ट बदलली ती मंडळातल्या मुलींनी. शिबिराच्या कामात मुली यायला लागल्यावर त्यांनी पहिल्याच बैठकीत हा विषय काढला. तेव्हापासून परत जाणाऱ्या प्रत्येकाला बंद पाकिटात चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर हिमोग्लोबिन किंवा रक्तदाब, जे कारण असेल ते, आणि ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी जायचे ते. पाकीट सगळ्यांचे सारखे, रक्त दिलेल्यांचे आणि न दिलेल्यांचे, म्हणजे हातातल्या पाकिटावरून कुणाला काही ओळखता येत नाही. कुत्रा चावल्यावर इंजेक्शने घेतलेली असली तर वर्षभर थांबावे लागते, नुकतेच गोंदवून घेतले असले तरी तेवढेच. ते सगळे चिठ्ठीत लिहिलेले असते.

२०२१ चा एप्रिल आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. राज्यात रक्ताचा तुटवडा होता, कॉलेजे बंद, कारखान्यांतली शिबिरे बंद. त्यातच १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती, आणि तेव्हाच्या सूचनेनुसार लस घेतल्यावर २८ दिवस रक्त देता येत नव्हते. पुढे मे महिन्यात ती मुदत १४ दिवसांवर आणली. लस घेण्याआधी रक्त द्या, असा निरोप आपण दोन्ही तालुक्यांत फिरवला. मांडव नाही, ध्वनिक्षेपक नाही, प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेळ ठरवून दिली. शाळेच्या दोन वर्गांत मोजकी माणसे आली आणि गेली. त्या वर्षीचे आभार प्रथमच मोबाइलवर गेले, कारण घरी जाऊन पाकीट देणे शक्य नव्हते. संकटात सापडलेली ती वेळ ठरवून द्यायची पद्धत आपण नंतरही सोडली नाही.

त्याच वर्षी तारखेचा प्रश्न मंडळासमोर नीट आला. तोपर्यंत आपले मोठे शिबिर शिवजयंतीलाच होत होते. पण शिवजयंतीला फक्त आपणच शिबिर घेतो असे नाही. जयंत्या, राष्ट्रीय सण आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या ठरावीक दिवसांवर गावोगाव शिबिरे होतात. रक्तपेढीची शीतकपाटे त्या आठवड्यात भरतात, आणि मे महिन्यात, सुट्ट्या लागल्या की, रिकामी होतात. रक्त साठवून ठेवू म्हणावे, तर नेहमीच्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते. वेगळ्या केलेल्या लाल पेशी, जास्तीचे पोषक द्रावण घातले तर, ४२ दिवस. प्लेटलेट फक्त ५ दिवस. १९ फेब्रुवारीला दिलेल्या पिशवीची मुदत २६ मार्चला संपते. मेमध्ये शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. तीन आठवडे धरले तर वर्षातून सतरा वेळा. त्याला जयंतीला शंभर पिशव्या मिळाल्या काय आणि हजार मिळाल्या काय, सारखेच.

बैठकीत एका मुलाने भिंतीवरची दिनदर्शिका खाली घेतली आणि बोटाने मोजू लागला. पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. १९ फेब्रुवारीपासून ९० दिवस म्हणजे २० मे. सगळे थांबले. शिवजयंतीला रक्त दिलेला माणूस नेमका मेच्या टंचाईत पुन्हा द्यायला मोकळा होत होता, आणि आम्ही त्याला पुढच्या शिवजयंतीपर्यंत विसरत होतो. त्याने पुढे मोजले. २० मेपासून ९० दिवस म्हणजे १८ ऑगस्ट. डेंग्यूचे दिवस, प्लेटलेटची मागणी. तिथून ९० दिवस म्हणजे १६ नोव्हेंबर. दिवाळीच्या आगेमागे, पुन्हा टंचाई. स्त्रियांचे अंतर १२० दिवसांचे, त्यांची तारीख १९ जून. लीप वर्षात एखादा दिवस इकडेतिकडे.

प्रत्येकाने चारही वेळा द्यावे असा आग्रह आपण धरला नाही. तसे केले तर दोन वर्षांत माणसे दमतात, लोहही कमी होते. नदीच्या दोन काठांचा उपयोग केला. फेब्रुवारी आणि ऑगस्ट शिरूरच्या बाजूला, मे आणि नोव्हेंबर दौंडच्या बाजूला. वर्षातून दोनदा, सहा महिन्यांच्या अंतराने, ज्याला जमेल त्याने. एका दिवसाच्या मोठ्या शिबिराची चार छोटी शिबिरे झाली. तारीख नेमकी काय असावी ते रक्तपेढीला विचारूनच ठरते. रक्तपेढीने सांगितले दहा दिवस पुढे ढकला, तर ढकलतो. ज्याच्या शेतात ऊसतोड चालू आहे त्याला बोलवायचे नाही आणि मेमध्ये सकाळी ७ लाच सुरू करायचे, हे आपले आपण ठरवले.

यावर जुन्या मंडळींचा आक्षेप होता, आणि तो मला आजही समजतो. शिवजयंतीच्या दिवशी चौकात दिवसभर भरलेला मांडव ही मंडळाची ओळख होती. चाळीस-पन्नास माणसांच्या शिबिराला पाहुणा बोलावता येत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही. त्यांच्यातल्या एका काकांनी मग स्वतःहून काम मागून घेतले. आभारपत्रावर प्रत्येकाची पुढची तारीख हाताने घालायची. त्यांचे अक्षर वळणदार आहे. आज मोबाइलवर संदेश जातो तरी ते पत्र जातेच, आणि तारीख शाईनेच घातलेली असते.

गेल्या फेब्रुवारीच्या शिबिरानंतर गेलेला संदेश इथे जसाच्या तसा देतो, म्हणजे तो स्मरणिकेत राहील.

‘नमस्कार. काल तुम्ही वेळात वेळ काढून शिबिराला आलात, त्याबद्दल मनापासून आभार. रक्त दिले असो वा डॉक्टरांनी थांबवले असो, हे आभार दोघांनाही सारखेच आहेत. रक्त दिलेल्यांनी आज भरपूर पाणी प्यावे, शेतातले किंवा कारखान्यातले जड काम आजचा दिवस टाळावे. टोचलेल्या जागी सूज किंवा काळे-निळे झाले असेल तर घाबरू नये, वाढत असेल तर आम्हाला फोन करावा. पुढच्या काही दिवसांत ताप आला किंवा फॉर्मवर सांगायचे काही राहिले असे वाटले, तर रक्तपेढीला जरूर कळवावे; कारण विचारले जाणार नाही, पिशवी बाजूला काढली जाईल. रक्तपेढीने तुम्हाला बोलावले तर न चुकता जावे. पुरुषांना २० मेनंतर आणि स्त्रियांना १९ जूननंतर पुन्हा रक्त देता येईल. शाळा उघडून देणारे, रात्री खाटा लावणारे, लाडू वळणाऱ्या ताई-मावश्या, खुर्च्यांपाशी लक्ष ठेवणारे, दीडच्या गाडीचे चालक आणि पहाटे पुण्याहून निघून आलेले रक्तपेढीचे सगळे लोक, तुम्हा सर्वांचे मंडळ ऋणी आहे.’

या संदेशात आकडा नाही, हे काही जणांच्या लक्षात आले. किती पिशव्या झाल्या ते मंडळाच्या वहीत आहे, विचारणाऱ्याला सांगतो.

एक गोष्ट राहिली. वर ज्या वहिनींच्या बाळंतपणाचा उल्लेख केला, त्या पहिल्या शिबिरापासून दर वर्षी येत होत्या आणि दर वर्षी परत जात होत्या. थेंब तरंगायचा. पाकिटातल्या चिठ्ठ्या सुरू झाल्यावर त्यांना पहिल्यांदा आपला आकडा कळला. चिठ्ठी घेऊन त्या ग्रामीण रुग्णालयात गेल्या, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्त कशामुळे कमी होते आहे त्याची तपासणी झाली, उपचार झाले. मेमध्ये केडगावच्या बाजूला आल्या, आकडा वाढलेला होता पण पुरेसा नव्हता. गोळ्या चालूच ठेवल्या. १६ नोव्हेंबरच्या शिबिराला यंत्र बिघडले होते म्हणून तंत्रज्ञांनी निळा पेला काढला. आम्ही तिघे-चौघे काही काम नसताना तिथे उभे होतो. थेंब पडला आणि सरळ तळाशी गेला. वहिनी काही बोलल्या नाहीत, चपला काढून खाटेवर जाऊन पडल्या. चार दिवसांनी त्यांच्या घरी पत्र गेले. काकांनी तारीख घातली होती, १६ मार्च.